द्रेष्काण: राशीच्या आतले दहा अंश कसे वाचायचे

१५ ऑगस्ट १९४७, मध्यरात्री बारा, दिल्ली. स्वतंत्र भारताची ही कुंडली ज्योतिष शिकणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी मांडलेली असते. निरयन पद्धतीने वृषभ लग्न आहे आणि कर्क राशीत एकदम पाच ग्रह आहेत: चंद्र, बुध, शनी, शुक्र आणि रवी. फक्त रास पाहून वाचलं तर पाचही ग्रहांना जवळपास एकच वाक्य लागतं, "कर्केत आहे". आता त्यांचे अंश पाहा. चंद्र ३°५९', बुध १३°४०', शनी २०°२८', शुक्र २२°३३', रवी २७°५९'. राशीच्या दारातल्या चंद्रात आणि पुढच्या राशीच्या उंबऱ्याशी पोहोचलेल्या रवीत चोवीस अंशांचं अंतर आहे. हे अंतर वाचण्याचं सर्वांत जुनं साधन म्हणजे द्रेष्काण. या लेखात हीच कुंडली हातात धरून पाश्चात्त्य आणि भारतीय, दोन्ही रीतींनी द्रेष्काण काढू आणि राशीच्या वाचनात तो नेमकी किती भर घालतो ते पाहू.

शब्द आणि त्याचा प्रवास

तीस अंशांच्या राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग केले की प्रत्येक भाग एक द्रेष्काण. बारा राशींचे असे छत्तीस होतात. पाश्चात्त्य ज्योतिषात यालाच 'डेकन' म्हणतात. मुळात ही इजिप्तची गोष्ट आहे. तिथे छत्तीस तारकासमूह धरलेले होते, दर दहा दिवसांनी नवा समूह पहाटे उगवताना दिसे आणि रात्रीचे प्रहर त्यांवरून मोजत. ग्रीकांनी ते राशीचक्राला जोडले. ग्रीकमध्ये दहाला 'डेका' म्हणतात, त्यावरून 'डेकानोस' आणि त्यावरून संस्कृतातला 'द्रेक्काण' किंवा 'द्रेष्काण'. मराठीत काही जण याला दशांश म्हणतात. तो शब्द टाळलेला बरा, कारण कुंडलीत दशमांश नावाचा वेगळाच वर्ग आहे. त्यात राशीचे दहा भाग होतात आणि तो व्यवसायासाठी पाहतात.

ही देवाणघेवाण एकाच दिशेची नव्हती. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहज्जातकात छत्तीसही द्रेष्काणांची चित्रं शब्दांत उभी केली. मेषेचा पहिला द्रेष्काण म्हणजे कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, काळा, लाल डोळ्यांचा, परशू उगारलेला पुरुष. हे वर्णन बगदादचा ज्योतिषी अबू मअशर याच्या ग्रंथातून लॅटिनमध्ये गेलं आणि १४७० च्या सुमारास इटलीतल्या फेराराच्या स्किफानोया महालाच्या भिंतीवर, मार्च महिन्याच्या चित्रात, पांढऱ्या कपड्यातला काळा पुरुष बनून उभा राहिलं. कलेतिहासकार आबी वारबुर्ग यांनी १९१२ मध्ये रोममध्ये हा धागा उलगडून दाखवला. द्रेष्काण शिकताना हे लक्षात ठेवावं, कारण 'त्यांचं' आणि 'आपलं' ही वाटणी इथे फार वेळ टिकत नाही. पुढे तक्त्यांकडे जाऊ तेव्हा याचा पुन्हा प्रत्यय येईल.

पहिली पायरी: चक्र ठरवा, मग अंश घ्या

द्रेष्काण काढायला ग्रहाचे अंश आणि कला लागतात, नुसती रास पुरत नाही. त्याआधी अंश सायन घ्यायचे की निरयन हे ठरवावं लागतं. पाश्चात्त्य डेकन सायन चक्रावर काढतात, भारतीय द्रेष्काण निरयन चक्रावर. दोन्हींतलं अंतर म्हणजे अयनांश. चित्रापक्षाने १९४७ मध्ये तो २३°०८' होता, आज २४ अंशांच्या थोडा वर आहे.

आपल्या कुंडलीतला रवी निरयन कर्क २७°५९'. त्यात २३°०८' मिळवले की सायन सिंह २१°०७' येतो. चंद्र सायन कर्क २७°०७', बुध सिंह ६°४८', शनी सिंह १३°३६', शुक्र सिंह १५°४१'. कर्केतली पाच जणांची गर्दी सायन चक्रात फुटली: चंद्र एकटा कर्केत राहिला आणि चौघे सिंहेत गेले.

इथे एक गंमतशीर हिशोब आहे. अयनांश म्हणजे दोन पूर्ण द्रेष्काण आणि वर तीन-चार अंश. म्हणून सायनावरून निरयनाकडे येताना ग्रह दोन किंवा तीन द्रेष्काण मागे सरकतो. तीन मागे सरकला तर पूर्ण एक रास मागे जातो, पण द्रेष्काणाचा क्रमांक तोच राहतो. रवीचं तसंच झालं: सायन सिंहेचा तिसरा, निरयन कर्केचाही तिसरा. 'तिसरा' हा आकडा दोन्हीकडे सारखा दिसला म्हणून अर्थही सारखा असेल असं मात्र समजू नका. रास बदलली म्हणजे द्रेष्काणाचा स्वामीही बदलू शकतो.

दुसरी पायरी: कितवा द्रेष्काण

०°००' ते ९°५९'५९" पहिला, १०°००' पासून दुसरा, २०°००' पासून तिसरा. सर्वाधिक चुका होतात त्या आकडा पूर्णांकात गोळा करताना. ९°४०' ला 'दहा अंश' लिहिलं की ग्रह नकळत दुसऱ्या द्रेष्काणात जाऊन बसतो. त्यामुळे कला कधीही सोडू नयेत.

दुसरी नेहमीची चूक तारखेवरून डेकन ठरवण्याची. रवी एका डेकनमध्ये साधारण दहा दिवस असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याची गती मंद असते आणि त्याला साडेदहा दिवसांच्या आसपास लागतात. डिसेंबर-जानेवारीत तो त्याहून लवकर पार होतो. शिवाय रवीचा राशीप्रवेश दर वर्षी काही तासांनी पुढे-मागे होतो. राशीची मुदत तीनाने भागून केलेली कोष्टकं म्हणूनच सीमेवरच्या जन्मांना दगा देतात. चंद्र एका द्रेष्काणात जेमतेम अठरा तास असतो आणि लग्न सरासरी चाळीस मिनिटं, त्यांना तारखेचं कोष्टक लावताच येत नाही.

तिसरी पायरी: स्वामी कोण

खरी विभागणी इथे आहे. तीन तक्ते प्रचारात आहेत आणि एका वाचनात त्यांतला एकच वापरायचा असतो.

पहिला खाल्डियन क्रमाचा. पाश्चात्त्य जुन्या परंपरेत द्रेष्काणाला 'फेस' म्हणजे मुखवटा म्हणत, आणि त्याचे स्वामी ग्रहांच्या दृश्य गतीच्या क्रमाने, मंदाकडून शीघ्राकडे, येतात: शनी, गुरु, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, आणि पुन्हा शनी. मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाला मंगळ देऊन हा क्रम छत्तीस वेळा न मोडता चालवायचा. छत्तीसला सातने भागलं की एक उरतो, म्हणून मीनेचा शेवटचा आणि मेषेचा पहिला, दोन्ही मंगळाचेच. तक्ता पाठ करायची गरज नाही, हिशोब सोपा आहे:

```
(राशीक्रमांक − 1) × 3 + द्रेष्काणक्रमांक, भागिले 7
बाकी: 1 मंगळ, 2 रवी, 3 शुक्र, 4 बुध, 5 चंद्र, 6 शनी, 0 गुरु
```

सिंहेचा तिसरा: ४ × ३ + ३ = १५, बाकी १, म्हणजे मंगळ. कर्केचा तिसरा: ३ × ३ + ३ = १२, बाकी ५, म्हणजे चंद्र.

दुसरा तक्ता त्रिकोणाचा. पहिला द्रेष्काण त्याच राशीचा, दुसरा तिच्यापासून पाचवीचा, तिसरा नववीचा. कर्केला कर्क, वृश्चिक, मीन. सिंहेला सिंह, धनू, मेष. पाराशरी द्रेष्काण तो हाच, आणि वराहमिहिरानेही मुख्य मत म्हणून हेच दिलं आहे. आजची पाश्चात्त्य पुस्तकं 'डेकन' म्हणून बहुधा हाच तक्ता छापतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ज्योतिषांनी तो भारतीय रीतीवरून उचलला. फरक दोनच: ते तो सायन अंशांवर लावतात, आणि त्यांतले अनेक जण वृश्चिक, कुंभ, मीन यांना प्लूटो, युरेनस, नेपच्यून हे स्वामी देतात.

तिसरा म्हणजे परिवृत्ती. छत्तीस द्रेष्काणांवर मेषेपासून मीनेपर्यंतच्या राशी सलग तीनदा फिरवायच्या: मेषेला मेष, वृषभ, मिथुन; वृषभेला कर्क, सिंह, कन्या. गंमत अशी की पहिल्या शतकातला रोमन कवी मॅनिलियस हाच क्रम देतो. आपल्याकडे काही संप्रदाय तो विशिष्ट कामांसाठी वापरतात, पण सर्वसाधारण वाचनाला पाराशरीच पुरे. संगणकावर D-3, म्हणजे द्रेष्काण कुंडली, उघडताना मात्र कोणता प्रकार निवडलेला आहे ते आधी पाहावं, कारण तिथे पाराशरी, परिवृत्ती, सोमनाथ, जगन्नाथ असे पर्याय असतात आणि चुकीचा निवडला तर पुढचं सगळं वाचन दुसऱ्याच तक्त्यावर उभं राहतं.

चौथी पायरी: वजन ठरवा

द्रेष्काण राशीला खोडून काढत नाही. किती भर घालतो याचा आकडा दोन्ही परंपरांनी देऊन ठेवला आहे. इंग्लंडच्या विल्यम लिलीच्या १६४७ च्या ग्रंथातली रीत अशी: स्वराशीला ५ गुण, उच्चाला ४, त्रिकोणस्वामित्वाला ३, टर्म नावाच्या विषम विभागाला २, आणि स्वतःच्या मुखवट्याला फक्त १. ज्या ग्रहाजवळ एवढा एकच गुण आहे तो घरातून बाहेर काढला जाण्याच्या बेतात असलेल्या माणसासारखा, असं लिली म्हणतो.

भारतीय बाजूला वजन बरंच जास्त आहे. षड्वर्गाच्या विंशोपक बलात वीसपैकी राशीला ६, नवांशाला ५ आणि द्रेष्काणाला ४ गुण मिळतात. होरा आणि द्वादशांशाला दोन-दोन, त्रिंशांशाला एक. षड्बलात वेगळं द्रेष्काणबल आहे: रवी, मंगळ, गुरु हे पुरुषग्रह पहिल्या द्रेष्काणात असले की १५ षष्ट्यंश. स्त्रीग्रह आणि नपुंसकग्रहांना दुसरा की तिसरा, यावर ग्रंथांत मतभेद आहे. त्यामुळे दोन सॉफ्टवेअर वेगळा आकडा देत असतील तर गणित चुकलं असं लगेच म्हणू नये.

कुंडलीवर लावून पाहू: पाश्चात्त्य रीत

सायन रवी सिंह २१°०७', स्वराशीत, म्हणजे ५ गुण. डेकन तिसरा. खाल्डियन तक्त्याने मंगळ, त्रिकोणाच्या तक्त्यानेही मेष म्हणजे मंगळच. असं एकमत नेहमी होत नाही, झालं की वाचन सोपं होतं. आता डेकनस्वामीच्या मागे जायचं: मंगळ या कुंडलीत कुठे आहे? सायन कर्क ०°३५', म्हणजे नीच राशीत. ही पायरी बहुतेक जण गाळतात. 'सिंहेचा तिसरा डेकन, मंगळाचा, म्हणून लढाऊ' एवढ्यावर थांबलं तर ते वाक्य त्या दहा दिवसांत जन्मलेल्या सर्वांना सारखंच लागू होतं. मंगळ कर्केत आहे हे धरलं की वाचन वळतं: रवीची सत्ता सिंहेची, स्पष्ट आणि उघड, पण तिच्या हातातलं शस्त्र बचावाचं, घर राखण्याचं. रास मूळ स्वभाव सांगते, डेकनस्वामी तो स्वभाव कोणत्या हाताने काम करतो ते सांगतो, आणि त्या हाताची ताकद डेकनस्वामीच्या स्वतःच्या जागेवरून कळते.

चंद्र कर्क २७°०७'. खाल्डियन तक्त्याने तिसरा डेकन चंद्राचाच, म्हणून स्वराशीचे ५ आणि मुखवट्याचा १. त्रिकोणाच्या तक्त्याने तोच डेकन मीनेचा, म्हणजे गुरूचा. एका ठिकाणी चंद्र स्वतःच्या घरातल्या स्वतःच्या खोलीत आहे, दुसरीकडे खोली गुरूने दिलेली आहे. दोन्ही तक्त्यांतून सोयीचं तेवढं उचललं तर काहीही सिद्ध करता येतं. म्हणून तक्ता आधी ठरवायचा आणि कुंडली नंतर उघडायची.

तीच कुंडली, पाराशरी रीत

आता निरयन अंश घेऊन द्रेष्काण कुंडली मांडू. लग्न वृषभ, सुमारे ७°४५', पहिला द्रेष्काण, म्हणून द्रेष्काण लग्नही वृषभ. चंद्र पहिल्यात, कर्केतच राहिला. बुध दुसऱ्यात, वृश्चिकेत गेला. शनी, शुक्र, रवी तिसऱ्यात, तिघे मीनेत. मंगळ मिथुन ७°२७', पहिला, मिथुनेतच. गुरु तूळ २५°५२', तिसरा, तुळेपासून नववी म्हणजे मिथुन. राहू वृषभ ५°४४', वृषभेत, केतू वृश्चिकेत.

राशीकुंडलीत शत्रूच्या घरी असलेले ग्रह इथे कुठे गेले ते एकेक पाहा. शुक्राला चंद्र शत्रू, म्हणून कर्केतला शुक्र अवघडलेला. द्रेष्काणात तो मीनेत, आपल्या उच्च राशीत. बुधालाही चंद्र शत्रू. द्रेष्काणात तो मंगळाच्या राशीत, आणि मंगळ बुधाला सम, म्हणजे त्रास थोडा कमी. शनीचंही तसंच, चंद्राच्या घरातून गुरूच्या घरात, शत्रूकडून समाकडे. गुरूला मात्र काहीच मिळालं नाही: राशीत शुक्राचं घर, द्रेष्काणात बुधाचं, दोघंही त्याचे शत्रू. चंद्र दोन्हीकडे स्वराशीत. 'कर्केत पाच ग्रह' हे एक वाक्य आता पाच वेगळी वाक्यं झालं आहे, आणि द्रेष्काणाची मुख्य भर हीच आहे.

शुक्र द्रेष्काणात उच्च आहे याचा अर्थ तो कुंडलीत उच्चीचा शुक्र झाला असा नाही. वीसपैकी चार गुणांच्या वर्गात तो उच्च आहे, सहा गुणांच्या वर्गात तो शत्रूक्षेत्रीच आहे. तसंच पहिल्या द्रेष्काणातल्या ग्रहाची रास बदलत नाही. तो राशीचा स्वभाव गडद करतो, नवा रंग देत नाही. मिथुनेतला मंगळ म्हणूनच दोन्हीकडे शत्रूच्या घरी राहिला.

स्वतंत्र वर्गकुंडली म्हणून द्रेष्काण भावंडं आणि पराक्रमासाठी पाहतात: धाकट्या भावंडांना तृतीय स्थान, थोरल्यांना लाभस्थान. राष्ट्राच्या कुंडलीत तृतीय म्हणजे शेजारी. राशीकुंडलीत वृषभेपासून तिसऱ्या कर्केत पाच ग्रह दाटलेले होते. द्रेष्काणात तृतीयात उरला एकटा चंद्र. रवी, शुक्र, शनी लाभात गेले आणि बुध सप्तमात, करार आणि उघड शत्रूंच्या स्थानात, केतूबरोबर. या रीतीने वाचलं तर शेजाराचा प्रश्न मनाचा आणि जनतेचा, चंद्राचा. त्यावरची बोलणी, कागद, तह बुधाकडे, आणि त्या जागी केतूची अस्वस्थता. घडून गेलेल्या इतिहासावर असं वाचन सहज बसतं, हेही सांगितलं पाहिजे. अभ्यास म्हणून ते ठीक आहे, पुरावा म्हणून नाही.

लग्नावरून बाविसावा द्रेष्काण, ज्याला खर म्हणतात, तो काढणंही अवघड नाही. तो नेहमी अष्टम राशीचा त्याच क्रमांकाचा द्रेष्काण असतो. लग्न पहिल्यात असेल तर स्वामी अष्टमेश, दुसऱ्यात असेल तर व्ययेश, तिसऱ्यात असेल तर चतुर्थेश. इथे लग्न पहिल्यात, म्हणून अष्टमातल्या धनूचा गुरु. आरोग्य आणि संकटकाळाच्या विचारात त्याच्या दशेकडे लक्ष ठेवतात, पण निव्वळ तेवढ्यावरून कोणाला आयुष्याबद्दल काही सांगू नये.

सर्पद्रेष्काणाच्या नावानेही अनेक जण दचकतात. कर्केचा दुसरा आणि तिसरा, वृश्चिकेचा पहिला आणि दुसरा, मीनेचा तिसरा, असे हे पाच. वराहमिहिराच्या चित्रांत यांच्या अंगाभोवती साप आहेत. आपल्या कुंडलीत कर्केतल्या पाचपैकी चार ग्रह यांत बसतात. छत्तीसांत पाच म्हणजे दर सातांत जवळजवळ एक, त्यामुळे सात ग्रहांच्या कुंडलीत सरासरी एक ग्रह तिथे सापडतो. स्वामी पीडित असेल आणि विचारलेल्या प्रश्नाशी त्या स्थानाचा संबंध असेल तेव्हाच त्याला महत्त्व द्यावं.

सीमेवरचे ग्रह

शनी २०°२८' वर आहे, तिसऱ्या द्रेष्काणाच्या आत जेमतेम अठ्ठावीस कला. पाश्चात्त्य निरयनवादी वापरतात तो फेगन-ब्रॅडली अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे ५३ कलांनी मोठा आहे. तो लावला की शनी १९°३५' वर, दुसऱ्या द्रेष्काणात, आणि मीनेऐवजी वृश्चिकेत. महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी जवळचा आहे. टिळक पंचांग रैवतपक्षाचं, त्याचा अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी. त्याने रवी कर्क सोडून सिंहेच्या पहिल्या द्रेष्काणात जातो आणि लग्न वृषभेच्या दुसऱ्यात, म्हणजे द्रेष्काण लग्न कन्या. सगळी द्रेष्काण कुंडली फिरते. चंद्र आणि बुध मात्र दोन्ही पक्षांत आपापल्या द्रेष्काणातच राहतात.

म्हणून काढलेल्या प्रत्येक द्रेष्काणापुढे सीमेपासूनचं अंतर लिहून ठेवावं. एक अंशाच्या आत असेल तर त्या ग्रहाच्या द्रेष्काणावर कुठलंही वाक्य उभं करू नये, राशीवर आणि नवांशावर थांबावं. लग्नासाठी हेच मिनिटांत मोजायचं. दिल्लीच्या या कुंडलीत लग्न दुसऱ्या द्रेष्काणात जायला आठ-नऊ मिनिटं पुरली असती. इथे वेळ मध्यरात्रीची ठरलेली आहे, पण रुग्णालयाच्या नोंदीतली 'सव्वादहा' किंवा 'साडेदहा' अशी गोळा केलेली वेळ तेवढ्याने सहज चुकते. अशा वेळी जन्मवेळ दहा मिनिटं मागे आणि दहा मिनिटं पुढे घेऊन द्रेष्काण लग्न दोनदा काढावं. ते बदललं तर भावंडांचं वाचन लग्नापासून न करता मंगळापासून करावं. मंगळ भ्रातृकारक आहे, आणि एका द्रेष्काणात तो साधारण दोन आठवडे असतो.